पोच दिली, पाणी गेले

शनिवारी रात्री नऊच्या सुमारास सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सेक्रेटरींचा निरोप येतो: ‘उद्या सकाळी 10 ते दुपारी 3 गच्चीवरच्या टाक्या धुतल्या जाणार आहेत. पाणी बंद राहील. सकाळी भरून ठेवावे.’ निरोप नेमका, भाषा सरळ, त्यात कुणाला खोट काढता येणार नाही. मग सुरू होते पोचपावती. ओके. ओके सर. नोटेड. थँक्स. धन्यवाद कुलकर्णीकाका. हात जोडलेले. पुन्हा ओके. या रांगेतच सी विंगमधून कुणीतरी विचारते, सोलरचे गरम पाणी तरी चालू राहील का? त्याच्याखाली आणखी सहा-सात ओके पडतात. पावणेदहाला सेक्रेटरी पुन्हा लिहितात, ‘टाकी धुणारे लवकर येतो म्हणतात. पाणी सकाळी 8 पासूनच बंद.’ त्यावर पुन्हा ओके, थँक्स, ओके.

रात्री अकराला ग्रुप उघडणाऱ्याला पन्नास-एक न वाचलेले निरोप दिसतात. तो वरचा निरोप वाचतो, खाली ओकेची रांग बघतो आणि भराभर बोट फिरवून बाहेर पडतो. रविवारी साडेआठला तोंडाला साबण लावून तो नळाकडे बघत उभा असतो. चूक कुणाची म्हणायची? सेक्रेटरींनी कळवले होते आणि सदस्यांनी पोचही दिली होती.

हिशेब मांडून बघू. समजा, ग्रुपमध्ये 84 जण आहेत आणि पहिल्या निरोपाला 31 जणांनी ‘ओके’ लिहिले. प्रत्येक ‘ओके’ लिहिणारा सोडून बाकी 83 फोनवर जातो. म्हणजे 2,573 वेळा कुठला ना कुठला फोन वाजला किंवा त्यावरचा आकडा वाढला. त्यातले कामाचे फक्त 31, जे सेक्रेटरींच्या फोनवर पोचले. बाकीचे अडीच हजार शेजाऱ्यांच्या वाट्याला आले आणि त्यांना त्यातून एवढेच कळले की ए-302 ला निरोप मिळाला आहे. बोलायचे होते एकाशी, आणि हाक मारली सगळ्या इमारतीला.

लोक यावर जो इलाज करतात तो आणखी घातक असतो. चार-दोन दिवस असा मारा झाला की ग्रुप ‘म्यूट’ होतो, तोही आठ तासांसाठी नव्हे, कायमचा. त्यानंतर लिफ्ट अडकली, गॅसचा वास आला, मुलगा खेळायला गेला तो दिसत नाही, यापैकी काहीही आले तरी तो फोन गप्पच राहणार. ओके लिहिणाऱ्यांना वाटते, आपण दोन अक्षरे लिहिली, त्यात एवढे काय! पण त्या दोन अक्षरांनी ग्रुपची घंटाच बंद पडते.

यावर सोय आहे आणि ती नवीनही नाही. मे 2022 मध्ये व्हॉट्सअॅपने निरोपावरच प्रतिक्रिया देण्याची सोय आणली. निरोपावर बोट दाबून धरले की अंगठा, हृदय, हसरा चेहरा, जोडलेले हात अशी चित्रे वर येतात. एकावर टेकले की ते निरोपाच्या खालच्या कडेला चिकटते. सुरुवातीला चित्रे सहाच होती, पुढे कुठलेही चित्र चालू लागले. पण चित्र कुठले हा गौण प्रश्न आहे. मुख्य गोष्ट अशी की प्रतिक्रियेची सूचना ज्याने निरोप लिहिला त्यालाच जाते. बाकी कुणाचा फोन वाजत नाही, न वाचलेल्यांचा आकडा वाढत नाही आणि पावणेदहाची दुरुस्ती नऊच्या निरोपाच्या लगेच खाली दिसते. सेक्रेटरींना तीही खणखण नको असेल तर सेटिंगमध्ये फक्त प्रतिक्रियांच्या सूचना बंद करता येतात. शिवाय त्या चित्रावर टेकले की नावानिशी यादी उघडते. 31 ओके मोजत बसण्यापेक्षा हे किती सोपे, ते सेक्रेटरीपद भोगलेल्यांना विचारा.

सॉफ्टवेअर लिहिणारे लोक याच खड्ड्यातून आपल्या आधी गेले आहेत. गिटहब या संकेतस्थळावर एखादी त्रुटी नोंदवली की ‘मलाही हाच त्रास आहे’ हे सांगायला लोक खाली ‘+1’ एवढेच लिहीत. अशा प्रत्येक ‘+1’ची ईमेल त्या नोंदीवर लक्ष ठेवणाऱ्या सगळ्यांना जाई आणि ज्या एका माणसाने त्रुटीचे खरे कारण शोधून लिहिलेले असे, त्याचे लिहिणे त्या ढिगात गाडले जाई. जानेवारी 2016 मध्ये खुल्या प्रकल्पांचे काम बघणाऱ्या अनेकांनी मिळून कंपनीला जाहीर पत्र लिहिले, त्यातली एक तक्रार हीच होती. मार्चमध्ये तिथे प्रतिक्रिया आल्या. ढीग कमी होण्याची सोय तर झालीच, वर अंगठ्यांच्या संख्येप्रमाणे नोंदी लावून कुठल्या त्रुटीने जास्त लोक गांजले आहेत, हेही बघता येऊ लागले.

मग आपल्याकडे ओके थांबत का नाही? आळस हे त्याचे कारण नाही, उलट सभ्यता आहे. वडीलधाऱ्या माणसाने काही कळवले तर ‘हो काका’ म्हणायचे, नुसता अंगठा उचलणे उर्मटपणाचे, हे वळण आपल्या अंगात आहे आणि ते वाईट नाही. दुसरे कारण कचेरीचे. साहेबांच्या निरोपाला शब्दात उत्तर गेले नाही तर आपण वाचलेच नाही असा अर्थ निघेल, ही धास्ती. पहिल्या दोघांनी ‘नोटेड सर’ लिहिले की तिसऱ्याला गप्प बसणे परवडत नाही. आणि तिसरे कारण अगदीच साधे. ग्रुपमधल्या कित्येकांना निरोप दाबून धरायचा असतो हेच माहीत नसते. त्यांना ते जिन्यात भेटून, त्यांच्याच फोनवर दाखवावे लागते. ग्रुपवर लिहून ते शिकवता येत नाही, कारण त्या सूचनेलाही खाली ओके येतात.

म्हणून ‘कृपया ओके, थँक्स पाठवू नये’ असे खडसावणारे निरोप वाया जातात. त्यावर चार जण ‘बरोबर’, ‘सहमत’ म्हणून लिहितात आणि एखादे ज्येष्ठ सभासद दुखावून ग्रुप सोडतात. उपयोग होतो तो मूळ निरोपातच वाट दाखवण्याचा. सेक्रेटरींच्या त्याच निरोपाच्या शेवटी एक ओळ जोडा: ‘वाचले असेल तर या निरोपावर अंगठा द्या, अडचण किंवा प्रश्न असेल तरच लिहा.’ निरोप जाताच समितीतल्या दोघा-तिघांनी लगेच अंगठे लावावेत. पहिले उत्तर शब्दात आले की शब्दांची रांग लागते, पहिला अंगठा दिसला की अंगठे पडू लागतात. माणसे पुढच्याचे बघून करतात. आणि ज्यांना नमस्काराशिवाय करमत नाही, त्यांच्यासाठी जोडलेले हात तिथेच आहेत. त्यात काकांचा मान राहतो आणि बाकीच्यांची झोपही.

काही सोसायट्या सरळ ग्रुपला कुलूप घालतात: फक्त अॅडमिननेच लिहायचे. शांतता होते खरी, पण मग सोलरच्या पाण्याचा प्रश्न ग्रुपवर येत नाही. तो दहा जणांकडून दहा वेळा सेक्रेटरींना वेगवेगळा विचारला जातो आणि उत्तरही दहादा द्यावे लागते. आमच्या मते हा इलाज शेवटचा. एकाने विचारलेला प्रश्न आणि सगळ्यांनी वाचलेले उत्तर, यासाठीच तर ग्रुप असतो.

अंगठ्याच्याही मर्यादा आहेत आणि त्या पैशाच्या व्यवहारात बोचतात. कॅनडातल्या सॅस्कॅचेवान प्रांतात धान्य खरेदी करणाऱ्या एका कंपनीने 2021 मध्ये शेतकऱ्याला 87 टन जवसाच्या कराराचा फोटो पाठवून मान्यता कळवायला सांगितले. त्याने उत्तरादाखल अंगठ्याचे चित्र पाठवले. पुढे भाव चढले, माल आला नाही आणि प्रकरण कोर्टात गेले. शेतकऱ्याचे म्हणणे, करार मिळाला एवढेच मी कळवले होते. न्यायालयाने 2023 मध्ये त्या अंगठ्याला सही मानले आणि 82,000 डॉलरहून अधिक भरपाई द्यायला लावली. तेव्हा ‘दुरुस्ती फंडासाठी प्रत्येकी 5,000 रुपये’ अशा निरोपावर पडलेले अंगठे वाचल्याचे की मान्य असल्याचे, हे निरोपातच लिहिलेले असावे. नाहीतर वार्षिक सभेत त्याच अंगठ्यांवरून भांडण होईल. ठराव, वर्गणी, कुणी कुठले काम अंगावर घेतले, या गोष्टी शब्दातच हव्यात. अंगठा उद्या काढूनही घेता येतो.

दुसरी अडचण निरोप दुरुस्त करण्याच्या सोयीतून येते. 2023 पासून व्हॉट्सअॅपवर पाठवलेला निरोप पंधरा मिनिटांच्या आत बदलता येतो. सेक्रेटरींना पाच मिनिटांत कळले की 10 नव्हे 8, आणि त्यांनी गुपचूप मूळ निरोपातच आकडा बदलला, तर कुणाचाही फोन पुन्हा वाजत नाही. ज्यांनी आधी अंगठा दिला ते दहाचीच वेळ धरून झोपतात आणि अंगठा मात्र आठच्या वेळेखाली दिसतो. त्यापेक्षा नवा निरोप टाकावा, अंगठे पुन्हा गोळा करावेत. कुणी वाचलेच नाही अशी शंका असेल तर आपल्या निरोपावर बोट दाबून माहिती उघडावी; ग्रुपमधल्या निरोपाला ‘वाचले’ आणि ‘पोचले’ अशा दोन याद्या दिसतात. निळ्या खुणा बंद करून ठेवणारेही या यादीतून सुटत नाहीत, कारण ती बंदी ग्रुपला लागू होत नाही. ‘वाचले’च्या यादीत ज्यांचे नाव नाही, त्यांच्याकडे वॉचमनला पाठवावे.

एका ठिकाणी मात्र आमचा ओकेविरोध गळून पडतो. चौथ्या मजल्यावरच्या आजी गेल्याचा निरोप येतो आणि खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागते. ती बहुतेक वेळा एकमेकांची नक्कल असते, घाईची असते, कधी त्यात आजींचे नावही चुकते. तरी त्यांचा मुलगा महिन्याभराने तो ग्रुप वर सरकवत कोणी काय लिहिले ते वाचतो, आणि त्यात एखादी ओळ अशी सापडते की आजी दर संकष्टीला आमच्याकडे मोदक पाठवायच्या. त्या निरोपावर चिकटलेले चाळीस जोडलेले हात त्याला हे सांगू शकले नसते. तेवढ्या दिवशी फोन वाजला तर वाजू द्यावा.