करार रद्द केलात, पण मोडला कुणी ते लिहिलंत का?

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण कॅनिंगला आंबा देणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

आपल्या तालुक्यातल्या एका बागायतदार काकांनी परवा मला एक कागद दाखवला. "उभयतांच्या संमतीने करार रद्द करण्यात येत असून कोणाचेही कोणाकडे काही येणे नाही." खाली काकांची सही. म्हणाले, "सुटलो एकदाचा." मी म्हटलं, काका, सुटला तो खरेदीदार.

हिशेब सांगतो, आकडे गोल केलेत. करार ५ टनांचा, किलोला ४० रुपये. उचल मिळाली २० हजार. मे अखेरीस पावसाची चाहूल लागली, सगळ्यांचा माल एकदम उतरला आणि भाव २२ वर आला. त्यानंतर खरेदीदाराचा फोन लागेना. गाडी आज येते, उद्या येते. चौथ्या दिवशी माणूस आला तो हा कागद घेऊन: "उचल ठेवा तुम्हाला, करार रद्द करू, मग माल कुठेही विका." काकांनी सही केली आणि माल २२ ने विकला. करारात २ लाख मिळायचे होते, हातात आले १ लाख १० हजार. उचल धरली तरी ७० हजार बुडाले. आणि वर काका म्हणतात, माणूस चांगला होता, उचल सोडली त्याने!

२०२० साली केंद्राचा कंत्राटी शेतीचा कायदा आला तेव्हा आपण सगळे जमिनीवरून भांडलो. कंपनी सातबारा घेईल का, हीच चर्चा. २०२१ ला तो कायदा मागेही घेतला गेला. हापूसवाल्याची खरी नड कोणी बोललंच नाही. उतरवलेलं फळ थांबत नाही. खरेदीदाराला करार मोडावा लागत नाही, चार दिवस गाडी पाठवली नाही की काम झालं. सही आपणच करतो.

आता कायदा काय म्हणतो? १८७२ चा आपला जुना करार कायदाच इथे लागू आहे. भाव पडला हे खरेदी नाकारायला कारण होत नाही. ठरलेला माल घ्यायला समोरचा साफ नकार देत असेल तर कलम ३९ प्रमाणे शेतकरी स्वतः करार संपवू शकतो, आणि असा रास्तपणे करार संपवणाऱ्याला कलम ७५ ने नुकसानभरपाई मागता येते. पण त्याच कायद्यात कलम ६३ आहे. तुम्ही राजीखुशीने कमी पैशात मिटवलंत, येणं सोडलंत, तर ते सुटलं. काकांचा कागद नेमका तिथे बसतो. दडपणाखाली सही केली म्हणता येईल, पण ते सिद्ध कोण करणार?

म्हणून "संमतीने" या शब्दाखाली सही नको. गाडी आली नाही त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहा: इतका माल तयार आहे, अमुक वेळेपर्यंत उचला, नाहीतर तुम्ही करार मोडला असं धरून मी बाजारात विकेन आणि फरक तुमच्याकडून घेईन. तेच स्पीड पोस्टने पाठवा. मग मात्र माल सडवत बसू नका, मिळेल त्या रास्त भावाने विका. नुकसान कमी करणं तुमच्यावरही आहे, सडलेल्या आंब्याचे पूर्ण पैसे कोणी देणार नाही. काट्याची पावती आणि विक्रीचं बिल जपा, फरक त्यावरूनच निघतो.

दुसरी पळवाट साक्याची. साका बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो. भाव चांगला असताना कोणाला साका सापडत नाही, पडला की गाडी फॅक्टरीच्या गेटवर पोचल्यावर सापडतो. माल बागेतच दोघांसमोर कापून बघायचा, किती फळं कापली आणि किती खराब निघाली ते लिहून सह्या घ्यायच्या, हे करारात आधीच घाला. आणि दराच्या ओळीत "बाजारभावानुसार" असेल तर तुम्हाला भावाची हमी मिळालेलीच नाही, हे सही करतानाच ओळखा.

थोडं कडू बोलतो. भाव चढला की आपलेच काही जण कराराचा माल रात्रीत दुसऱ्या गाडीत भरतात. तोही करारभंगच, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण त्यात खरेदीदार वकील लावतो, आणि आपण नशिबाला बोल लावतो. इस्लामपूरच्या कडकनाथ प्रकरणात २०१९ साली हेच दिसलं. अंडी-पक्षी ठरल्या दराने परत घेण्याच्या भरवशावर लोकांनी पैसे घातले, खरेदी थांबली, आणि कोंबड्यांना खाणं घालायचं कसं या चिंतेत लोक बसले.

ज्यांनी असा रद्दचा कागद अजून सही केलेला नाही, त्यांना करार मोडल्या दिवसापासून दाव्यासाठी तीन वर्षं आहेत. गेल्या हंगामाच्या पावत्या आणि फोनमधले मेसेज पुसू नका. आणि कागद आणून दिला तर सही करण्याआधी मला नाहीतर ओळखीच्या वकिलाला फोटो पाठवा.