शेवटचें कडवें

गेल्या भाद्रपदांतली गोष्ट. लालबागेंतील एका चाळींत गणेशोत्सवानिमित्त मुलांचा कार्यक्रम व्हावयाचा होता, आणि त्यांत स्वतः रचलेलें गाणें म्हणण्याचें एका तेरा वर्षांच्या मुलीनें मनावर घेतलें होतें. तिचे वडील माझे जुने विद्यार्थी. त्या ओळखीनें ती एके रविवारीं गिरगांवांत आमच्या बिऱ्हाडीं आली आणि वही पुढें करून म्हणाली, "गुरुजी, ऱ्हस्वदीर्घ तेवढें पाहून द्या."

गाणें तिच्या आजोबांवर होतें. ते गिरणींत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ रोजीं दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालीं जो संप सुरू झाला, त्यांत मुंबईचे सुमारें अडीच लक्ष गिरणीकामगार उतरले होते. तो संप रीतसर मागें घेतल्याचें कोणीं जाहीर केलें नाहीं. पुष्कळ गिरण्या पुन्हा चालू झाल्या नाहींत, आणि परळ-लालबागेच्या जागेवर पुढें दुकानें व मनोरे उभे राहिले. या मुलीचे आजोबा आतां पंचाहत्तरीच्या पलीकडे गेले आहेत. पण पहिल्या पाळीच्या वेळेला ते अजून कधीं कधीं डबा घेऊन जिना उतरतात. मुलीनें हें घरीं पाहिलेलें, आणि साध्या आठ आठ अक्षरांच्या छंदांत तिनें तें मांडलें होतें:

पहांटेच्या अंधारांत
आजा डबा घे हातांत

चाळीचा तो जिना जुना
उतरतो पुन्हा पुन्हा

कोपऱ्याला थांबे जरा
भोंगा ऐकावया खरा

घरीं येतां, डबा देतां
आजी पुसे, चहा घेतां?

मुलांनो हो, ठेवा भान
श्रमिकांचा राखा मान

ऱ्हस्वदीर्घ ठीक होतें. छंदही सांभाळला होता. शेवटच्या कडव्याशीं मात्र माझें बोट थांबलें. "हें कोणीं घालावयास सांगितलें?" असें विचारतां ती म्हणाली, "चिटणीस काका म्हणाले कीं, गाण्यांतून बोध मिळाला पाहिजे. आणि बोध नसला तर गाणें अर्धवट वाटेल ना?"

तिचा दोष नव्हता. मराठी मुलांच्या तीन-चार पिढ्या ज्या पुस्तकांवर वाढल्या, त्यांत गोष्टीखालीं 'तात्पर्य' छापलेलें असे. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनीं १८२८ च्या सुमारास इसापनीति मराठींत आणली, तेव्हांपासून ही रीत आमच्या घरांत आहे. शाळेंत मींही मुलांकडून तात्पर्यें पाठ करून घेतलीं आहेत. तेव्हां चिटणिसांना नांवें ठेवण्याचा अधिकार मला नाहीं. पण ज्या शास्त्रावर माझें पोट चाललें, त्यांत या प्रश्नाचा विचार फार जुना आहे.

काश्मीरचा मम्मट अकराव्या शतकांतला. त्यानें 'काव्यप्रकाशा'च्या सातव्या उल्लासांत रसाचे दोष मोजले आहेत, आणि त्यांत अगदीं पहिला दोष 'स्वशब्दवाच्यता' हा सांगितला आहे. शोक दाखवावयाचा असतां कवीनें 'शोक' हा शब्दच उच्चारणें, म्हणजे हा दोष. कारण सरळ आहे. शोकाचें नांव घेतल्यानें ऐकणाऱ्याच्या मनांत शोक उत्पन्न होत नाहीं. ज्या कारणानें शोक होतो तें कारण, आणि शोक झाल्यावर माणूस जें करतो तें वर्तन, हीं दोन्हीं समोर ठेवलीं म्हणजे तो आपोआप उत्पन्न होतो. शास्त्रांत पहिल्याला विभाव म्हणतात व दुसऱ्याला अनुभाव. या मुलीला हे शब्द ठाऊक नव्हते, पण अनुभाव तिनें अचूक पकडला होता: भोंग्यासाठीं कोपऱ्यावर थांबणारा म्हातारा, आणि त्याला कांहीं न विचारतां चहाचें विचारणारी आजी.

आतां शेवटचें कडवें त्यापुढें ठेवून पाहा. चहाच्या प्रश्नांत काय काय आहे? नवऱ्याची फेरी व्यर्थ गेली हें आजीला कळतें. त्याला तें कळवून द्यावयाचें नाहीं हेंही तिला कळतें. डबा भरूनही तिनेंच दिलेला आहे. इतकें सारें त्या एका ओळींत असतां, 'श्रमिकांचा मान राखा' या वाक्यांत त्यांतलें काय येतें? आजी तर येतच नाहीं. आजोबाही येत नाहींत. त्यांच्या जागीं 'श्रमिक' नांवाचा कोणी एक उभा राहतो. बोधाची ओळ आधीच्या कडव्यांचें सार सांगते असें आपण समजतों, परंतु बहुधा ती त्यांतला एक लहान तुकडा उचलते आणि बाकीचें बाहेर टाकते.

मीं मुलीला म्हटलें, "हें कडवें झांकून धर आणि आमच्या घरच्या मंडळींना गाऊन दाखव." तिनें गाइलें. आमच्या सूनबाई स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या राहून ऐकत होत्या, त्यांचे डोळे पाणावले. परंतु नातवानें, तो दहा वर्षांचा आहे, लगेच विचारलें, "पण भोंगा वाजत कां नाहीं? आणि ते परत कां आले?"

मुलगी माझ्याकडे पाहून म्हणाली, "बघा गुरुजी, म्हणूनच बोध लागतो."

येथें खरी मेख आहे, आणि पुष्कळ जण येथेंच फसतात. ऐकणाऱ्याला कळलें नाहीं, म्हणून शेवटीं बोध जोडावयाचा. पण नातवाच्या प्रश्नाचें उत्तर त्या बोधांत होतें काय? श्रमिकांचा मान राखा असें सांगितल्यानें भोंगा कां वाजत नाहीं तें कळत नाहीं. उणीव शेवटीं नव्हतीच, मध्यें होती. अनुभाव आला होता, विभाव यावयाचा राहिला होता. गिरणी गेली ही गोष्ट लालबागेंतल्या प्रत्येकाला ठाऊक असल्यामुळें मुलगी ती सांगावयास विसरली होती, आणि गिरगांवांतल्या मुलाला ती ठाऊक नव्हती. मीं तिला इतकेंच विचारलें, "कोपऱ्यावरून आजोबांना समोर काय दिसतें?" तिनें खिडकीशीं बसून तिसऱ्या व चौथ्या कडव्यांच्या मध्यें हें लिहिलें:

जिथें दार गिरणीचें
तिथें दिवे दुकानांचे

नातवाला पुन्हा ऐकविलें. या वेळीं त्यानें कांहीं विचारलें नाहीं. मग शेवटच्या दोन ओळींवर तिनें आपल्या हातानें काट मारली.

यावरून कोणी असें समजूं नये कीं, शेवटीं अर्थ सांगणें नेहमींच वाईट. एकनाथांचें विंचवाचें भारूड सर्वांच्या परिचयाचें आहे. त्यांत विंचू म्हणजे कामक्रोध, व उतारा म्हणजे सत्त्वगुण, असा उलगडा नाथ स्वतःच करतात. पण तेथें उलगडा ही किल्ली आहे. ती मिळेपर्यंत श्रोता खऱ्या विंचवाच्या तडफडीवर हंसत असतो, आणि ती मिळतांच आपण स्वतःवरच हंसत होतों हें त्याच्या ध्यानीं येतें. म्हणजे शेवट श्रोत्याला नवें कांहीं देतो. तेव्हां शेवटच्या कडव्याला हाच एक प्रश्न विचारावा: आधीं नव्हतें असें यांत काय आहे? कांहीं असेल तर ठेवावें. आधीं दिसलेलेंच नांव घेऊन पुन्हा सांगितलें असेल, तर तें ओझें. 'मुलांनो', 'म्हणून', 'भान', 'मान' असे शब्द एकाएकीं आले आणि गाण्यांतलीं माणसें नाहींशीं झालीं, तर ओळखावें कीं कवि खालीं उतरून आतां मास्तर बोलूं लागला आहे.

याच गिरणगांवांत गाजलेलें एक उदाहरण मुलीला सांगितलें, तें येथेंही सांगतों. अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना' ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या दिवसांतली. अमर शेखांच्या आवाजानें ती मैदानामैदानांतून पोंचली. पोटासाठीं मुंबईस आलेला माणूस, आणि गांवीं राहिलेली त्याची बायको, ही तिची हकीकत. शेवटीं शाहीर सांगतो कीं, या खंडित महाराष्ट्राचीही तीच गत झाली आहे, आणि बेळगांव, कारवार, डांग, उंबरगांव हीं नांवें घेतो. पुढें तो लोकांना मागें न फिरण्याची विनवणीही करतो. वरवर पाहतां हा बोधच. मग तो जड कां होत नाहीं?

एक तर हें साम्य श्रोत्याला तोंवर सुचलेलें नसतें. इतका वेळ आपण एका गड्याचा विरह ऐकत होतों, आणि शेवटीं तोच विरह सीमेवरच्या गांवांना लागू होतो. भारुडांतल्या किल्लीसारखेंच हें नवें आहे. दुसरें म्हणजे विनवणीवर गाणें संपत नाहीं. 'राहिली' हें एकच क्रियापद पाहा. आरंभीं मैना गांवाकडे राहिली, म्हणजे मागें सुटली. शेवटीं लढाईंतली चाल करावयाची अजून राहिली, म्हणजे बाकी आहे. शब्द तोच, अर्थ फिरला. आणि त्या यमकावरून शाहीर परत आपल्या जिवाच्या काहिलीच्या ध्रुपदावर येतो. शेवटचा आवाज उपदेशाचा नसून त्या गड्याचाच आहे. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालें, तरी तीं चारही गांवें बाहेरच राहिलीं. त्यामुळें ती छक्कड आजही शिळी वाटत नाहीं.

मुलीच्या गाण्याला ध्रुपद नव्हतें. म्हणून गातांना चहाच्या प्रश्नाशीं चाल खालच्या षड्जावर न टेंकवितां जरा वरच सोडावी, म्हणजे प्रश्न प्रश्नच राहील, इतकी एक सूचना आमच्या सूनबाईंनीं केली. पेटीवर त्यांनीं ती दोन वेळां वाजवून दाखविली.

चिटणिसांचें काय झालें, अशी विचारणा होईल. ते नाराज झाले, पण कार्यक्रमपत्रिका छापून झाली होती. उत्सवाच्या चौथ्या रात्रीं मीही लालबागेस गेलों. गाणें संपलें तेव्हां क्षणभर कोणीं टाळी वाजविली नाहीं, आणि मुलगी घाबरून माझ्याकडे पाहूं लागली. मग मागच्या बांकांवरच्या बायकांतून टाळ्या सुरू झाल्या.

आजोबा पुढच्या खुर्चीवर बसले होते. नात खालीं उतरून त्यांच्यापाशीं गेली. त्यांनीं तिच्या पाठीवर हात ठेवला, थोडा वेळ कांहीं बोलले नाहींत, आणि मग म्हणाले, "डबा तीन पुडांचा होता. तें लिहिलें नाहींस."