टायमरच्या आधी मापाचा पेला



गच्चीवरच्या बारा कुंड्यांना ठिबकचा टायमर बसवला, ही गोष्ट मागे लिहिली होती. त्यानंतर बऱ्याच जणींनी विचारलं, "किती मिनिटं लावायचा?" माझं मत असं की हा प्रश्न दुकानदाराला विचारूच नये. त्याचं उत्तर आपल्या टाकीच्या उंचीत असतं.

हे मी चुकून शिकले. पहिला टायमर वेळेवर 'टक' असा वाजायचा, पण पाणी काही येत नव्हतं. त्याची झडप उघडायला नळाच्या पाण्याचा जोर लागतो, आणि आमची टाकी कुंड्यांपेक्षा जेमतेम पाच फूट उंच. अशा कमी दाबाला बॉल व्हॉल्व्हचा टायमर लागतो. त्याची छोटी मोटर व्हॉल्व्ह स्वतः फिरवते, पाण्याच्या जोरावर अवलंबून राहत नाही. विकत घेताना एवढं एकच विचारा: शून्य दाबावर चालतो का?

मग मिनिटांचा हिशेब. ड्रिपरच्या पाकिटावर 'तासाला 4 लिटर' असं लिहिलं होतं, पण तो आकडा भरपूर दाबाचा. मी ड्रिपरखाली मापाचा पेला ठेवला आणि दहा मिनिटं थांबले. पाव लिटर पाणी जमलं, म्हणजे तासाला दीडच लिटर! आमच्या टोमॅटोच्या मोठ्या कुंडीला एप्रिलमध्ये दिवसाला साधारण लिटरभर पाणी लागतं, म्हणजे 40 मिनिटं. ती मी सकाळी वीस आणि संध्याकाळी वीस अशी वाटली. एकदम सोडलं तर कुंडीच्या तळातून निम्मं वाहून जातं.

माझ्या टायमरला दोनच चकत्या आहेत: किती तासांनी आणि किती मिनिटं. चकती फिरवाल त्या क्षणापासून तो मोजायला लागतो. म्हणून सकाळी सहा वाजताच गच्चीवर जाऊन 12 तासांवर लावला.

आपण पिण्याचं पाणी गाळून घेतो, तसंच ठिबकचंही घ्यावं. टायमरच्या आधी जाळीचा फिल्टर बसवा आणि दर पंधरवड्याला धुवा. शेवटच्या कुंडीखाली अधूनमधून पेला ठेवून पाहा. पाव लिटरच्या जागी निम्मंच आलं, तर ड्रिपर चोंदला किंवा फिल्टर भरला असं समजा. टाकी अर्ध्यावर आली तरी धार कमी होते, म्हणून मोजताना टाकी भरलेली असू द्या.

खरी भीती बॅटरीची. व्हॉल्व्ह उघडा असताना ती संपली, तर बंद करायला कोणी नसतं आणि टाकी रिकामी होते. गेल्या वर्षी लेकीकडे गेले तेव्हा नेमकं हेच झालं. शेजारच्या काकूंनी गच्चीवरून वाहणारं पाणी पाहिलं म्हणून निभावलं. आता गावाला निघण्याआधी नवे सेल घालते आणि टायमरची एक पाळी समोर उभं राहून बघते: उघडला, वीस मिनिटांनी बंद झाला, मगच कुलूप.

टायमर वेळ पाळतो. पण माप आपणच घ्यायचं, आणि पावसाळ्यात तो बंदही आपणच करायचा.