वेळ तुकड्यातुकड्यांत मिळतो; मग डबा सुरू करायचा की चटणी?

धाराशिव : मुलं शाळेत गेली की आठ-दहा वर्षांनी पुन्हा काम करावंसं वाटतं. मग घरचे हमखास सुचवतात, 'डबे सुरू कर'. मला हा सल्ला पटत नाही. घरातून होणारं काम सोयीच्या वेळेचं असतंच असं नाही. डब्याला दुपारी एकची वेळ पाळावीच लागते. मूल तापानं फणफणलं तरी भाजी-पोळी लागतेच, आणि दोन खाडे झाले की गिऱ्हाईक गेलं.

म्हणून माल टिकाऊ हवा. शेंगदाणा चटणी, कडक भाकरी आपल्या भागाला परकी नाही. आज दाणे भाजले, उद्या कुटले, परवा पाकिटं भरली तरी चालतं.

मात्र हिशेब नीट मांडा. उदाहरणापुरते आकडे धरू. एक किलो चटणीला दाणे 140 रुपये, मसाला 40, गॅस-वीज 15, पाच पाकिटं व लेबल 30, म्हणजे 225. दोनशे ग्रॅमचं पाकीट 80 रुपयांना गेलं, तर किलोला 400 येतात. दुकानदाराचे वीस टक्के वजा केले की 320. वरवर 95 रुपये सुटतात. पण पाच किलोला सहा तास लागले आणि तासाला 60 रुपये धरले, तर मजुरीच किलोला 72 होते. उरतात 23. दहातलं एक पाकीट परत आलं, तर तेही जातात. तीच चटणी ओळखीत थेट विकली तर मजुरी काढून 103 उरतात. पहिले काही महिने दुकानाच्या मागे लागू नये, ते यासाठी.

माल खराब होतो तो बहुधा ओलाव्यानं. गरम चटणी भरली की पाकिटात आत वाफ धरते आणि बुरशी येते. ओला लसूणही टिकाऊपणा कमी करतो. काळे, सुरकुतलेले दाणे आधीच निवडून टाका. प्रत्येक घाण्यातलं एक पाकीट तारीख घालून बाजूला ठेवा, दर पंधरवड्याला वास घ्या. खवट वास कधी येतो, त्याच्या बऱ्याच आधीची मुदत लेबलवर छापा. विक्रीआधी अन्नसुरक्षा नोंदणी हवी. छोट्या उत्पादकासाठीची ही नोंदणी ऑनलाइन होते आणि तिचा 14 अंकी क्रमांक पाकिटावर लागतो.

तुळजापूरला नवरात्रात गर्दी उसळते, पण तेव्हा लसणाची चटणी कोण घेणार? बिनलसणाची, उपवासाची वेगळी करावी लागेल, आणि तीही आधीच्या पंधरवड्यात.

एकटीनं करण्यापेक्षा तिघींनी मिळून एक कुटणी यंत्र घेतलेलं बरं. 1993 च्या भूकंपानंतर या जिल्ह्यात महिलांचे गट उभे राहिले, बचत गट आजही गावोगाव आहेत. एकीच्या घरी आजारपण आलं तर दुसरी घाणा काढते. फक्त कुणाचे किती तास झाले, ते वहीत रोज लिहा. भांडणं बहुतेक तिथूनच सुरू होतात.