व्याजाचा आकडा मोठा, जोखमीची ओळ कुठे?

आमच्या बाजारपेठेत गेल्या महिन्यात एका पतसंस्थेचे चाररंगी पत्रक घरोघर वाटले गेले. वर चेअरमनसाहेबांचे हसरे छायाचित्र, त्याखाली बोटभर उंचीच्या अक्षरांत ‘मुदत ठेवीवर 9 टक्के’ आणि त्या आकड्याच्या डोक्यावर एक छोटीशी चांदणी. चांदणीचा अर्थ शोधण्यासाठी आम्ही पत्रक उलटेपालटे करून पाहिले. अगदी तळाशी, मुद्रकाच्या नावाशेजारी, ‘नियम व अटी लागू’ एवढेच लिहिले होते. नियम कोणते आणि अटी कोणत्या, याचा पत्ता नाही.

व्यापारी बंधूंना वाटेल की पत्रकावरच्या दोन ओळींसाठी एवढा लेख कशाला? पण ठेव ठेवणारा माणूस संस्थेचे पोटनियम वाचत नाही. तो पत्रक वाचतो आणि पिग्मी गोळा करणाऱ्या एजंटचे बोलणे ऐकतो. त्याच्या दृष्टीने करार तेवढाच. म्हणून छायाचित्राखालचा मजकूर ही शोभेची गोष्ट नसून व्यवहाराची गोष्ट आहे, असे आमचे मत आहे.

आमच्या परिचयाचे एक गादीवाले चाचा आहेत. हिवाळ्याआधी गाद्या-रजया भरून देण्याचा त्यांचा मोठा हंगाम. उन्हाळ्यात हातात एक लाख रुपये मोकळे होते. एजंट म्हणाला, “चाचा, वर्षाची ठेव करा. महिन्याला 750 रुपये घरबसल्या येतील. लागले तर केव्हाही काढा.” मार्च महिन्यात ठेव झाली. दर महिन्याला 750 रुपये येत राहिले, दुकानाचे वीजबिल त्यात भागू लागले. ऑक्टोबरमध्ये कापसाची खरेदी आली आणि चाचा पावती घेऊन संस्थेत गेले. हातात पडले 98,250 रुपये.

चाचांना वाटले, हिशेबात चूक आहे. मुद्दल कमी कसे होईल? पण चूक नव्हती. मुदतीआधी ठेव मोडली तर ठरलेला दर मिळत नाही. जितके महिने पैसे राहिले तितक्या मुदतीचा दर लावतात आणि त्यातून दंड म्हणून काही टक्के कापतात. या संस्थेत सहा महिन्यांवरील ठेवीचा दर 7 टक्के होता आणि कपात 1 टक्का. म्हणजे चाचांना 6 टक्क्यांनी सात महिन्यांचे 3,500 रुपये व्याज देय होते. त्यांना सात महिन्यांत मिळाले होते 5,250. जादा गेलेले 1,750 रुपये संस्थेने मुद्दलातून वळते करून घेतले. हिशेब नियमाप्रमाणे बरोबर, पण हा नियम पत्रकावर नव्हता आणि एजंटच्या तोंडीही नव्हता. ‘केव्हाही काढा’ हे खरेच होते, फक्त अर्धे.

मुदत आणि मुदतीआधी काढण्याची अट या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत. ज्याचा धंदा हंगामी आहे, त्या कारागिराला व्याजाच्या दरापेक्षा ही अट अधिक महत्त्वाची. चाचांनी तीच रक्कम सुरुवातीलाच सहा महिन्यांसाठी 7 टक्क्यांनी ठेवली असती, तर सप्टेंबरमध्ये पूर्ण एक लाख आणि वर 3,500 रुपये व्याज हाती आले असते. व्याज तेवढेच, पण एक महिना आधी आणि मुद्दलाला हात न लागता. व्याज महिन्याला 583 रुपयांच्या आसपास दिसले असते आणि 750 च्या पुढे ते फिके वाटले असते, एवढाच फरक.

दराचा आकडाही दिसतो तितका सरळ नसतो. एक लाखाला दरसाल 9 टक्के सरळव्याज म्हणजे वर्षाला 9,000 रुपये. तेच व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळवत गेल्यास वर्षअखेर साधारण 9,308 रुपये होतात. दोन्ही ठिकाणी ‘9 टक्के’च छापता येते. याहून मोठी गंमत दामदुप्पट योजनेत असते. ‘72 महिन्यांत दामदुप्पट’ असे वाचले की माणूस हिशेब करतो, सहा वर्षांत शंभराचे दोनशे, म्हणजे शंभर रुपये व्याज भागिले सहा, वर्षाला 16.67 टक्के! काही पत्रकांवर हाच आकडा छापलेला आम्ही पाहिला आहे. पण मधली सहा वर्षे व्याज तुमच्या हातात येत नाही, ते संस्थेकडेच राहून त्यावर व्याज चढत असते. दरवर्षी चक्रवाढ धरली तर 12.25 टक्क्यांनी रक्कम सहा वर्षांत दुप्पट होते. खरा दर तो आहे. 16.67 हा आकडा छापणे म्हणजे तराजूच्या पारड्याखाली मेण लावण्यासारखे आहे.

आणि इथेच जोखमीचा प्रश्न येतो. जी संस्था ठेवीवर 12.25 टक्के देते, तिला नोकरांचे पगार, जागेचे भाडे, एजंटचे कमिशन आणि बुडीत कर्जे भागवण्यासाठी कर्ज 15-16 टक्क्यांच्या वरच द्यावे लागणार. इतक्या चढ्या दराने कर्ज घेणारा कोण? बहुधा ज्याला बँकेने परत पाठवले तो. त्यात प्रामाणिक दुकानदारही असतो, पण वसुलीचा धोका वाढतो हे नाकारता येत नाही. शिवाय आपली ठेव वर्षाची आणि त्याचे कर्ज पाच वर्षांचे. रोज थोडे लोक ठेव काढतात आणि थोडे ठेवतात, तोवर गाडी चालते. एक अफवा उठली आणि सगळे एका दिवशी पावत्या घेऊन आले, तर तिजोरीत तेवढी रोकड नसते. ती लोकांच्या कर्जात अडकलेली असते. ठेवीवरचा चढा दर आणि ठेवीची जोखीम ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. पत्रकावर मात्र एकच अंग छापले जाते.

पतसंस्था ही बँक नाही, ही गोष्ट आजही आपल्यातील निम्म्या दुकानदारांना ठाऊक नसावी. काउंटर तसाच, पासबुक तसेच, त्यामुळे फरक जाणवत नाही. फरक असा की बँकेतील ठेवीला, मग ती नागरी सहकारी बँक का असेना, ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. फेब्रुवारी 2020 पासून ही मर्यादा मुद्दल व व्याज मिळून प्रत्येक ठेवीदारास एका बँकेत 5 लाख रुपये आहे. पतसंस्थेतील ठेवीला हा विमा लागू नाही, एक रुपयाचाही नाही. पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेची देखरेखही नसते. राज्यातील संस्था सहकार निबंधकांकडे नोंदलेली असते आणि अनेक राज्यांत काम करणारी मल्टिस्टेट संस्था दिल्लीतील केंद्रीय निबंधकांकडे. बँकेचा परवाना नसताना नावात ‘बँक’ शब्द वापरणाऱ्या सहकारी संस्थांबाबत रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2021 मध्ये जाहीर इशारा दिला होता आणि त्यांच्या ठेवींना विमा नाही हेही त्यात स्पष्ट सांगितले होते. संकटकाळासाठी एखादा निधी असेल आणि संस्था त्यात वर्गणी भरत असेल, तर तेही जरूर लिहावे. पण त्याला विमा म्हणू नये.

आपल्या समाजात व्याज न घेणारेही पुष्कळ आहेत. कोणी बिनव्याजी तत्त्वावरच्या संस्थेत रक्कम ठेवतो, कोणी केवळ सुरक्षिततेसाठी ठेव करतो आणि आलेले व्याज स्वतःसाठी वापरत नाही. त्यांना वाटते की दराच्या भानगडीशी आपला संबंध नाही. पण जो फक्त मुद्दलासाठी ठेवतो, त्याने जोखमीची ओळ सर्वांत आधी वाचली पाहिजे, कारण त्याच्याकडे गमावण्यासारखे मुद्दलच आहे. बिनव्याजी संस्थाही पुढे कर्जच देते आणि तिलाही विमा नाही.

मग पत्रकावर काय असावे? चाचांच्याच ठेवीसाठी आम्ही एक मजकूर तयार करून पाहिला. तो असा:

‘मुदत ठेव, केवळ सभासदांसाठी. मुदत 12 महिने. व्याज दरसाल 9 टक्के, सरळव्याज, दरमहा देय. 1,00,000 रुपयांवर दरमहा 750 रुपये. मुदतीआधी काढल्यास ठेव राहिली तेवढ्या मुदतीचा दर लागेल व त्यातून 1 टक्का कमी होईल. जादा दिलेले व्याज मुद्दलातून वजा होईल. ही संस्था बँक नाही. या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नाही. कर्जवसुली न झाल्यास ठेव परत मिळण्यास उशीर होऊ शकतो किंवा ती पूर्ण मिळणार नाही, असेही घडू शकते. नोंदणी क्रमांक, मागील वर्षाचा लेखापरीक्षण वर्ग व थकबाकीचे प्रमाण खाली दिले आहे.’

हा मजकूर मोठ्याने वाचायला मिनिटही लागत नाही. आमचा आग्रह एवढाच की ‘विमा नाही’ ही ओळ ‘9 टक्के’ याच अक्षरांत आणि त्याच बाजूला छापावी. ‘केवळ सभासदांसाठी’ हे शब्दही उगाच नाहीत. पुष्कळ ठिकाणी ठेव घेताना माणसाला नाममात्र सभासद करून घेतात. अशा सभासदाला मतदानाचा हक्क नसतो. म्हणजे पैसे त्याचे, पण संचालक निवडताना त्याला मत नाही. हे त्याला आधी कळायला हवे.

हा मजकूर आम्ही एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांना दाखवला. सज्जन गृहस्थ आहेत. ते म्हणाले, “भाई, हे छापले तर ठेवी येणार नाहीत. शेजारची संस्था छापणार नाही, आम्हीच का छापावे?” त्यांची अडचण खोटी नाही. पण विमा आहे असे समजून जो ठेव ठेवतो, तोच पहिल्या अफवेला पावती घेऊन धावत येतो. जोखीम जाणून ठेवणारा ठेवीदार संख्येने कमी असेल, पण तो टिकतो. शिवाय ज्या संस्थेचा लेखापरीक्षण वर्ग ‘अ’ आहे आणि थकबाकी आटोक्यात आहे, तिला हे आकडे छापण्यात फायदाच आहे. ज्या संस्थेची स्थिती वाईट आहे तिला ते छापता येणार नाहीत. शेजारच्या संस्थेने का छापले नाही, हा प्रश्न मग ठेवीदारच विचारील. व्यवस्थापकांनी पुढच्या मासिक सभेत विषय मांडतो असे सांगितले आहे. निदान मुदतीआधी काढण्याची अट पावतीच्या दर्शनी बाजूस छापू, इतके तर ते तिथेच कबूल झाले.

तोपर्यंत ठेव ठेवणाऱ्या बंधूंनी एजंटला चार गोष्टी पावतीच्या मागे लिहून सही करायला सांगावे: व्याज सरळ की चक्रवाढ, मुदतीआधी काढल्यास हातात नेमके किती रुपये, विमा आहे की नाही, आणि आपण पूर्ण सभासद की नाममात्र. बरेच एजंट तिसऱ्या प्रश्नावर “साहेबांना विचारून सांगतो” म्हणून उठतात. चाचांचा एजंट तसाच उठला. चाचांनी यंदा रक्कम दोन ठिकाणी विभागली आहे. कापसाचे पैसे सहा महिन्यांच्या ठेवीत बँकेत ठेवले आणि 20 हजार पतसंस्थेत, कारण दुकानासाठी कर्ज त्यांना तिथूनच मिळते.