खिडकी एक, कामे सतरा

संध्याकाळी सातनंतर खांदेश्वर स्टेशनाच्या बाजूने माझ्या दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांमध्ये एक तक्रार नेहमी असते. "डॉक्टर, दिवसभर खुर्चीत बसूनच काम, ओझं उचलत नाही, तरी डोकं पिकून जातं." हे लोक बँकेच्या, टपाल खात्याच्या, विम्याच्या किंवा रुग्णालयाच्या खिडकीमागे बसणारे असतात. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड, चष्म्याचा नंबर हे आधी पाहावेच लागते. सगळे ठीक निघाले, तर मी आणखी एक प्रश्न विचारतो. समोरच्या रांगेत एकाच प्रकारचे काम येते, की दर माणसागणिक वेगळे?

वाचकहो, एक प्रयोग घरीच करून पाहा. घड्याळ लावून चैत्र ते फाल्गुन असे बारा महिने म्हणा. मग बारापासून एकपर्यंत उलटे अंक म्हणा. दोन्हींचा वेळ लिहून ठेवा. आता दोन्ही मिसळून म्हणा, "चैत्र बारा, वैशाख अकरा, ज्येष्ठ दहा..." शब्द तेवढेच आहेत, पण वेळ जास्त लागतो आणि मध्येच कुठे तरी जीभ अडखळते. आर्थर जर्सिल्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये अशाच धर्तीचे प्रयोग केले. एका यादीत नुसती बेरीज, दुसरीत नुसती वजाबाकी आणि तिसरीत आळीपाळीने दोन्ही. आळीपाळीच्या यादीला वेळ जास्त लागला. पुढे १९९५ मध्ये रॉजर्स आणि मॉन्सेल या संशोधकांनी दोन गोष्टी दाखवल्या. काम बदलण्याआधी तयारीला थोडी उसंत मिळाली तर हा भुर्दंड कमी होतो, पण पूर्ण जात नाही. आणि तो मुख्यतः बदलानंतरच्या पहिल्याच कामावर पडतो. दुसऱ्या-तिसऱ्या कामाला मन रुळलेले असते.

प्रयोगशाळेत हा भुर्दंड सेकंदाच्या अंशाइतका असतो. त्यामुळे कुणी म्हणेल, एवढ्याशा वेळाचे काय घेऊन बसलात? पण खिडकीवर नुसते मन बदलत नाही. संगणकावरचा पडदा बदलतो, कागद, शिक्का आणि नियमही बदलतो. शिवाय माझी काळजी वेळेची कमी आणि पहिल्या कामावरच्या चुकीची जास्त आहे.

मागे एक बाई आल्या. वय बेचाळीस, एका बँकेच्या 'एक खिडकी' काउंटरवर नोकरी. आठवड्यातून सहा दिवस दुपारनंतर डोके दुखायचे आणि संध्याकाळी हिशेब जुळेना, म्हणून रडकुंडीला आलेल्या. हिशेब जुळला नाही तर फरक स्वतःच्या खिशातून भरावा लागेल, ही धास्ती वेगळीच. रक्तदाब आणि रक्ताच्या तपासण्या व्यवस्थित होत्या. चष्म्याचा नंबर मात्र वाढला असावा असे वाटले, म्हणून नेत्रतज्ज्ञाकडे पाठवले. सोबत एक काम दिले. एका कागदावर प्रत्येक ग्राहकामागे एकच अक्षर लिहायचे. रोखीला 'र', पासबुकाला 'प', ठेवीला 'ठ', केवायसीला 'क'. आणि रकमेची नोंद चुकून स्वतःच दुरुस्त केली, तर तिथे फुली.

गर्दीच्या एका तासात बत्तीस कामे झाली होती आणि त्यात काम चोवीस वेळा बदलले होते. आठवडाभरातल्या फुल्या पाच. त्यातल्या चार बदलानंतरच्या पहिल्याच नोंदीवर, आणि बहुतेक केवायसीचे कागद तपासून रोखीकडे वळताना. बाई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, मला वाटायचं माझं वय झालं."

त्यांनी साहेबांशी बोलून तीन बदल केले. छापायची पासबुके एका ट्रेमध्ये जमवून अर्ध्या तासाने एकदम छापायची. केवायसीचे कागद सकाळी फक्त घेऊन पोच द्यायची, तपासणी दुपारी दोननंतर. तिसरा बदल अर्धवट कामाचा. ठेवीचा अर्ज भरत असताना मध्येच उठावे लागले, तर चिठ्ठीवर लिहायचे, "सह्या तपासल्या, नॉमिनी बाकी". सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवले, की अपुरे टाकलेले काम मनात रेंगाळते आणि पुढच्या कामातले लक्ष खाते. परत आल्यावर कुठून सुरू करायचे हे लिहून ठेवले, की हे रेंगाळणे कमी होते, हेही त्यांनी नंतर दाखवले. यापुढे त्याच गर्दीच्या तासात बदल चोवीसवरून नऊवर आले. तीन आठवड्यांनी डोकेदुखी सहा दिवसांवरून दोन दिवसांवर आली होती. अर्थात मधल्या काळात नवा चष्माही लागला होता, त्यामुळे सगळे श्रेय मी चिठ्ठीला देणार नाही.

आमच्या व्यवसायात या भुर्दंडाची किंमत मोठी आहे. सिडनीच्या रुग्णालयांत औषधे देणाऱ्या परिचारिकांची पाहणी करून वेस्टब्रुक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये नोंदवले, की मध्ये येणाऱ्या दर व्यत्ययामागे औषध देण्यातल्या चुका सुमारे १२ टक्क्यांनी वाढतात. दहा किलोच्या तापलेल्या बाळाचे उदाहरण घ्या. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मि.ग्रॅ. या हिशेबाने १५० मि.ग्रॅ. होते. बाजारात ५ मि.लि.मध्ये १२० मि.ग्रॅ. असलेले सिरप मिळते आणि २५० मि.ग्रॅ. असलेलेही. पहिल्याचे सुमारे ६ मि.लि. द्यायचे, दुसऱ्याचे ३. एखाद्याचे फिटनेस सर्टिफिकेट लिहिता लिहिता हा हिशेब केला आणि बाटली दुसरी निघाली, तर बाळाला दुप्पट औषध जाईल. म्हणून माझ्या दवाखान्यात मुलाचे वजन काट्यावर घेतल्यापासून चिठ्ठी आईच्या हातात पडेपर्यंत कंपाउंडर माझ्याशी बोलत नाही, फोनही तोच घेतो. सर्टिफिकेटे एक वाजता, ड्रेसिंग शेवटी, कंपन्यांचे प्रतिनिधी त्यानंतर. छातीत दुखणारा माणूस आला, तर अर्थातच हे सगळे वेळापत्रक बाजूला ठेवायचे.

माझे मत स्पष्टच सांगतो. 'एक खिडकी' ग्राहकाला सोयीची आहे, पण आपण तिचा खर्च मागे बसलेल्या माणसाच्या डोक्यावर टाकला आहे. माणसांची रांग प्रकारानुसार लावता येत नाही, आधी आला त्याला आधी घ्यावेच लागते. पण माणूस घेणे आणि त्याचा कागद संपवणे ही दोन कामे आहेत. दुसरे काम गठ्ठ्याने करता येते. गठ्ठा फार मोठा केला, तर ग्राहक दोन तास तिष्ठतो आणि भांडण होते. चार-पाचांचा गठ्ठा पुरतो, कारण भुर्दंड पहिल्यालाच बसतो. वीस कामे एकाआड एक बदलत केली तर तो वीस वेळा, चारच्या गठ्ठ्याने केली तर पाच वेळा.

कागदांचे दिसणेही महत्त्वाचे आहे. समोरची वस्तूच कोणते काम करायचे ते सांगत असेल, तर भुर्दंड बराच घटतो, असे १९७६ च्या प्रयोगांत दिसले होते. पैसे भरायची आणि काढायची स्लिप वेगळ्या रंगाची असावी ती यासाठी. हल्ली सगळे अर्ज एकाच पांढऱ्या कागदावर, सारख्याच रकान्यांत छापून येतात, तिथे शाखेने निदान कोपऱ्यात रंगाची रेघ तरी ओढावी.

एक सूचना मात्र लक्षात ठेवा. डोकेदुखी एकाएकी आणि आजवर कधी नव्हती एवढी तीव्र असेल, पहाटे झोपेतून उठवत असेल, सोबत उलटी, अंधारी किंवा हातापायात बधिरपणा असेल, तर कागदावर अक्षरे लिहीत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.