राजा कोण होणार?
तोंडवलीच्या किनाऱ्यावर नाटक म्हटलं की दशावतार, आणि शाळेच्या नाटकात प्रत्येकालाच राजा व्हायचं असतं. बाईंनी भूमिका लगेच जाहीर करू नयेत. दशावतारी नट छापील संहितेशिवाय, उभ्या उभ्या संवाद रचतात. निवडही तशीच करावी. राजा आणि दूत असा एकच प्रसंग देऊन प्रत्येकाला दोन्ही कामं करायला लावावीत, आणि शेवटच्या बाकाजवळ उभं राहून ऐकावं. पाठांतरात पक्का मुलगा समोरच्याने वाक्य बदललं की गप्प होतो. अडखळत वाचणारी मुलगी मालवणीत तिथल्या तिथे उत्तर देते. तिला संकासुर द्यावा. पूर्वरंगातलं ते पात्र प्रेक्षकांना हसवतं, त्याला हजरजबाबीपणाच लागतो. राजाचं काम मात्र प्रवेशाप्रवेशांत दोन मुलांत वाटून द्यावं, मुकुट आणि शेला तेच ठेवून, म्हणजे प्रेक्षकांचा गोंधळ होत नाही.